कट-पेस्ट होतं तर संख्या वाढते कशी? (ठिपकेवाली कणसं आणि उड्या मारणारा डीएनए)

कणीसखाऊ
मंडळी, इथे अमेरिकेत ऑक्टोबर आला की दुकानांत शोभेची रंगीबेरंगी कणसं येतात, दाराला टांगायला, खायला नाही (मी एकदा भाजून पाहिलं, दगड आहे दगड). यंदा आणलेल्या एका कणसावर काही दाणे फिकट पिवळे आणि त्यावर जांभळे ठिपके, कुणीतरी शाईचं पेन झटकावं तसे. लेकीने विचारलं की बाबा हे असं का, म्हणून वाचायला बसलो तर ट्रान्सपोसॉन निघाले. म्हणजे डीएनएचे असे तुकडे जे एका जागेवरून स्वतःला कापून दुसरीकडे चिकटवतात. इथवर ठीक. पण पुढे लिहिलंय की मक्याच्या जिनोमचा ८५ टक्के भाग असल्याच तुकड्यांनी भरलाय. आता मला सांगा, मी फाइल कट करून दुसऱ्या फोल्डरमध्ये पेस्ट केली तर फाइल एकच राहते ना? मग कापून चिकटवणारे हे तुकडे ८५ टक्क्यांपर्यंत गेले कसे? लेक नऊ वर्षांची आहे, तिने हाच प्रश्न विचारला आणि माझी बोलती बंद.

तिरकसराव
सोपं आहे हो. दोन प्रकार असतात, एक कट-पेस्ट आणि एक कॉपी-पेस्ट. कट-पेस्टवाल्यांची संख्या कधीच वाढत नाही, कॉपीवाल्यांची वाढते. मक्यातले कॉपीवाले. माणसातही जवळजवळ अर्धा डीएनए असाच इकडून तिकडे उड्या मारत असतो. विषय संपला.

चहाबिस्किट
विषय संपला म्हणणाऱ्यांचा धागा शंभरी गाठतो असा अनुभव आहे. बसतो.

गुणसूत्रबाई
तिरकसराव, निम्मं बरोबर आहे तुमचं. मक्यातला बहुतेक भराव कॉपीवाल्यांचाच आहे हे खरं. पण कट-पेस्टवाल्यांची संख्या वाढत नाही हे चूक, आणि कणीसखाऊंच्या लेकीचा प्रश्न तिथेच नेमका बोट ठेवतोय. मी पीएचडीला मक्यावरच होते, चार उन्हाळे कणसांना कागदी पिशव्या बांधण्यात गेले, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी ठिपके. दाण्याच्या सालीखाली एक पेशीभर जाडीचा थर असतो, जांभळा रंग तिथे बनतो. रंग बनवणाऱ्या एखाद्या जीनच्या मधोमध डीएस नावाचा तुकडा घुसून बसला की जीन बंद, दाणा फिका. डीएस स्वतः हलू शकत नाही, त्याला कापायची कात्री लागते, ती कात्री म्हणजे एक एन्झाइम आणि ते बनवतो एसी नावाचा दुसरा तुकडा (वातानुकूलनवाला नव्हे). त्याच रोपात एसी कुठेही असला तरी त्याची कात्री डीएसला चालते. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीत डीएस कापला गेला, जीन पुन्हा जुळला, की ती पेशी आणि तिच्या सगळ्या लेकी-नाती जांभळ्या. म्हणून ठिपका.

आता ठिपक्याच्या आकाराकडे बघा. थर पुरा व्हायला दहा विभाजनं उरलेली असताना उडी झाली तर त्या एका पेशीच्या हजारेक पेशी होणार, डाग मोठा. दोनच उरलेली असताना झाली तर चार पेशी, टिंब. म्हणजे डाग मोजून तुम्ही उड्या निदान किती झाल्या ते सांगू शकता आणि डागाच्या आकारावरून कधी झाल्या तेही. बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंनी १९४० च्या दशकात कोल्ड स्प्रिंग हार्बरला बसून हेच केलं, डीएनएची रचना कळायच्या आधी, फक्त दाणे आणि मायक्रोस्कोप.

कणीसखाऊ
आत्ताच कणीस उतरवून भिंगाखाली घेतलं. एका दाण्यावर मोठा डाग, बाकीच्यांवर खसखशीसारखं. लेक मोजत बसलीय. पण ताई संख्या कशी वाढते ते राहिलं.

गुणसूत्रबाई
येते त्यावर, कुकर लावला होता.

तुमचं फाइलचं उदाहरण जिथे फसतं ती जागा अशी की फोल्डर स्थिर असतं आणि जिनोम नसतो. पेशी विभागायच्या आधी अख्ख्या डीएनएची नक्कल होते, पण सगळीकडे एकदम नाही, काही भागाची आधी, काहीची नंतर. एसीची खोड अशी की तो साधारणपणे स्वतःच्या जागेची नक्कल होऊन गेल्यानंतर लगेच उडतो.

आता कागदावर काढा. एक गुणसूत्र, त्यावर डावीकडे एसी. डावीकडची नक्कल झाली, म्हणजे आता दोन धागे, दोघांवर एकेक एसी. उजवीकडची नक्कल अजून व्हायचीय. अशा वेळी वरच्या धाग्यावरचा एसी उठला आणि उजवीकडे, अजून नक्कल न झालेल्या भागात जाऊन बसला. मग नक्कल करणारी यंत्रणा पुढे सरकत उजवीकडे पोचली आणि तिने त्या भागाची एसीसकट नक्कल केली. आता मोजा. वरच्या धाग्यावर जुन्या जागी काही नाही, नव्या जागी एक. खालच्या धाग्यावर जुन्या जागी एक, नव्या जागी एक. एकूण तीन, एसी गप्प बसला असता तर दोन. कात्री एकदाच चालली, पण पेस्ट केलेला भाग अजून झेरॉक्सला जायचा होता म्हणून फुकटात एक जास्तीची प्रत मिळाली.

चहाबिस्किट
म्हणजे ज्या रांगेत कूपन वाटून झालं तिथून उठून न वाटलेल्या रांगेत बसायचं. लग्नाच्या पंगतीत आमचे एक काका हे करायचे, दोनदा जिलबी.

गुणसूत्रबाई
काका एसीच होते असं समजा.

टिपणवही
हे प्रत्यक्ष कुणी पाहिलंय की कागदावरचं गणित?

गुणसूत्रबाई
पाहिलंय, आणि तेही डोळ्यांनी. ग्रीनब्लॅट आणि ब्रिंक यांनी १९६२ मध्ये. त्यांच्या मक्यात एसी सालीच्या लाल रंगाच्या जीनमध्ये बसलेला होता, त्यामुळे दाण्यांवर लाल-पांढरे पट्टे. त्या कणसांवर कधीकधी दोन चट्टे शेजारी शेजारी चिकटून जन्मलेले दिसायचे, जुळे. एक पूर्ण लाल, तिथून एसी उठून गेला. आणि त्याला लागून दुसरा, ज्यात पट्टे नेहमीपेक्षाही कमी. मक्यात एसीच्या प्रती वाढल्या की उड्या उशिरा होतात, म्हणून जास्त एसी म्हणजे कमी आणि बारीक पट्टे, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. तर कमी पट्ट्यांचा चट्टा म्हणजे जिथे एक एसी जास्त झालाय. एका पेशीच्या दोन लेकी, एकीच्या जुन्या जागेवरून गेला आणि दुसरीकडे दोन झाले. त्या चट्ट्यांतले दाणे पेरून पुढच्या पिढीत तपासलं तेव्हा हिशोब जुळला, आणि लाल चट्ट्यातल्या दाण्यांतही बऱ्याचदा एसी दुसऱ्या जागी सापडला, म्हणजे वरची तीनवाली गोष्ट. नवी जागा बहुधा जुनीच्या जवळपासच असते, फार लांब जात नाही तो.

अजून एक वाट आहे, ती फळमाशीतल्या पी एलिमेंटमध्ये नीट कळली. तुकडा कापून गेला की जुन्या जागी भगदाड पडतं. पेशी ते बुजवताना शेजारच्या जुळ्या धाग्यावर बघून बुजवते, आणि त्या धाग्यावर तुकडा अजून आहेच. झालं, भगदाडात परत तोच तुकडा लिहिला गेला. कट केलेली फाइल दुरुस्तीवाल्याने बॅकअपमधून परत आणून ठेवली.

तिरकसराव
ओके, हे माहीत नव्हतं, मागे घेतो. पण माणसाचं म्हणणं खरंय ना? अर्धा डीएनए उड्या मारतो.

गुणसूत्रबाई
अर्ध्याच्या आसपास डीएनए अशा तुकड्यांपासून आलाय हे खरं, पण उड्या मारतो हे नाही. कट-पेस्टवाले आपल्यात जेमतेम ३ टक्के आणि सगळे मेलेले, कोट्यवधी वर्षांत एकही हललेला नाही. बाकीचे कॉपीवाले. त्यात एल-वन नावाच्याच सुमारे पाच लाख प्रती आहेत, पूर्ण लांबी सहा हजार अक्षरं, पण बहुतेक प्रती अर्धवट, पुढचं धड तुटलेल्या. प्रत्यक्षात हलू शकणाऱ्या एका माणसात ८० ते १०० धरा.

पुढचं धड का तुटतं ते सांगते, कारण त्यातच कॉपीची पद्धत कळते. एल-वन जागचा हलतच नाही. त्याची आरएनए प्रत निघते, ती केंद्रकाबाहेर जाते, तिच्यावरून दोन प्रथिनं बनतात आणि ती प्रथिनं शक्यतो त्याच आरएनएला धरून आत परत येतात. त्यातलं एक प्रथिन नव्या जागी डीएनएच्या एका पट्टीला चिरा पाडतं आणि त्या चिरेच्या टोकालाच सुरुवात समजून आरएनएवरून उलटा डीएनए लिहायला घेतं. लिहितं शेपटीकडून. मध्येच थांबलं की शेपूट आहे पण डोकं नाही अशी प्रत चिकटते. डोक्याकडेच चालू करायचं बटण असतं, त्यामुळे ती प्रत जन्मतःच मेलेली.

आणि अलू म्हणून एक तीनशे अक्षरांचा तुकडा आहे, त्याला स्वतःचं एकही प्रथिन नाही, तो एल-वनची यंत्रणा पळवतो. त्याच्या दहा लाखांवर प्रती. बांडगुळावर बांडगूळ.

टिपणवही
हलणाऱ्या शंभरांनी कुणाचं काही बिघडतं का?

गुणसूत्रबाई
क्वचित, पण बिघडतं. १९८८ मध्ये काझाझियन यांच्या गटाने हिमोफिलियाचे २४० रुग्ण तपासले, त्यातल्या दोघांत फॅक्टर आठच्या जीनमध्ये एल-वन घुसलेला सापडला. दोघांचं एकमेकांशी नातं नाही आणि आईवडिलांत तो तिथे नव्हता, म्हणजे ताजी उडी. माणसात हे अजून चालू आहे हे तेव्हा पहिल्यांदा पक्कं झालं.

निफाडकर
नमस्कार. मी द्राक्षवाला, धागा कणसाचा दिसतोय पण विचारतोच. माझी थॉमसन आणि तास-ए-गणेश आहे. जानेवारीत थंडी पडली की हिरव्या घडात मध्येच काही मणी गुलाबी होतात, आम्ही पिंक बेरी म्हणतो, एक्स्पोर्टला तो घड बाद. दरवर्षी घडांना पेपर लावतो, मजुरी वेगळी. हे तुमचे उडते जीन्स आहेत का? ठिपके तसेच दिसतायत मला, आधी पांढरं मग मध्येच रंग. असतील तर त्यावर फवारणी काही?

चहाबिस्किट
दादा फवारणीने उडते जीन्स बसले तर नोबेल तुम्हालाच.

गुणसूत्रबाई
चहाबिस्किट, थांबा जरा, प्रश्न चांगला आहे आणि द्राक्षाचा संबंध तर थेट आहे.

निफाडकर दादा, जगातली जवळजवळ सगळी पांढरी-हिरवी द्राक्षं हिरवी आहेत त्यात एका कॉपीवाल्या तुकड्याचा मोठा हात आहे. द्राक्षाच्या सालीत रंग चालू करणारा एक जीन असतो. त्याच्या अगदी समोर, जिथून तो चालू होतो तिथे, ग्रेट-वन नावाचा दहा हजार अक्षरांचा तुकडा येऊन बसला. जीन शाबूत, पण बटणावर कपाट ठेवलंय. आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रतींत कपाट असलं की द्राक्ष पांढरं. हे जपानात कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं.

गंमत पुढे आहे. इटालिया नावाच्या पांढऱ्या जातीच्या वेलीवर एका फुटव्याला लाल घड आले, ती काडी वेगळी लावून रुबी ओकुयामा ही जात झाली. मस्कत ऑफ अलेक्झांड्रियावरही तसंच, त्यातून फ्लेम मस्कत. तपासलं तर एका प्रतीतलं कपाट गेलेलं. पण कॉपीवाले तर उठून जात नाहीत! मग गेलं कसं? ग्रेट-वनच्या दोन्ही टोकांना ८२४ अक्षरांचा अगदी सारखा मजकूर असतो, पुस्तकाचे दोन पुठ्ठे समजा. कधीतरी पेशीत हे दोन पुठ्ठे एकमेकांशी जुळतात आणि मधली सगळी पानं गळून पडतात, एकच पुठ्ठा उरतो. लाल द्राक्षात नेमका तो एक पुठ्ठा तिथे सापडला. बटण पुन्हा दाबता येतं.

कणीसखाऊ
म्हणजे मक्यात तुकडा स्वतः निघून जातो आणि द्राक्षात तो मोडून पडतो, असं?

गुणसूत्रबाई
अगदी तसंच, आणि मागे काय उरतं त्यावरून दोघं ओळखता येतात. एसी-डीएस घुसताना त्या जागेची आठ अक्षरं दोन्ही बाजूंना दुप्पट होतात. निघून गेल्यावर ती दुप्पट अक्षरं थोडी कुरतडलेली मागे राहतात, कधी सात, कधी सहा, पाऊलखूण म्हणतात. जीन तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, त्यामुळे सहा उरली तर जीन बहुधा चालतो आणि सात उरली तर वाचन घसरतं, तुकडा गेला तरी रंग नाही. म्हणून भिंगातून दिसतात ते फक्त नशीबवान ठिपके, खऱ्या उड्या त्याहून जास्त. लॅबमध्ये जागेच्या दोन्ही बाजूंनी पीसीआर करून तो पट्टा वाचला की पाऊलखूण आहे का पुठ्ठा उरलाय ते कळतं.

उड्यांचं प्रमाणही बघा. मक्याच्या एका दाण्यावर शंभर ठिपके असू शकतात, पुठ्ठे जुळून मधली पानं गळण्याचा प्रकार मात्र अख्ख्या बागेत वर्षानुवर्षं एकदाही दिसणार नाही. म्हणून दादा, तुमची पिंक बेरी ही नाही. दरवर्षी, बऱ्याच घडांत, थंडीच्या हिशोबाने, सुटे सुटे मणी, हे हवामानाचं लक्षण आहे, दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाशी ते जोडतात. डीएनए बदलला असता तर एकाच काडीवरचे सगळे घड रंगले असते, आणि छाटणीनंतर त्याच काडीच्या डोळ्यांतून आलेले घडही पुन्हा तसेच, थंडी असो नसो.

निफाडकर
समजलं. म्हणजे पेपर चालू ठेवायचा. पण मॅडम, बटणावर दोन्ही बाजूंनी कपाट आहे तर थंडीत गुलाबी तरी होतात कसे? जीन बंद म्हणजे बंद ना?

गुणसूत्रबाई
इथे मात्र मी अडकले. बंद म्हणजे शंभर टक्के बंद नसावं, थोडी फट असेल, किंवा त्याच कुटुंबातला दुसरा एखादा जीन थंडीत जागा होत असेल. माझा अंदाज फटीचा, पण हा मक्यावाल्या बाईचा अंदाज आहे. द्राक्षावर काम करणारं कुणी इथे असेल तर लिहा.

तिरकसराव
फट असेल तर सगळे मणी गुलाबी व्हायला हवेत, एका घडात चारच का? मला तरी पटलं नाही.

गुणसूत्रबाई
मलाही पूर्ण पटलेलं नाही. सालीवर ऊन किती पडतं त्याचा भाग असणार, पेपर लावून फायदा होतो तो त्यामुळेच.

टिपणवही
अवांतर: मॅक्लिंटॉकबाईंना चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही, वेडी ठरवलं, आणि मग १९८३ ला नोबेल, अशी गोष्ट सगळीकडे फिरते. ती जरा तिखटमीठ लावलेली आहे. १९४४ मध्येच त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आल्या होत्या आणि १९४५ ला तिथल्या जेनेटिक्स सोसायटीच्या अध्यक्ष. मक्यात तुकडे जागा बदलतात हे मक्यावाल्यांनी बऱ्यापैकी लवकर मानलं. लोक बिचकले ते त्यांच्या पुढच्या म्हणण्याला, की हे तुकडे जीन चालू-बंद करून रोपाची वाढ चालवतात.

गुणसूत्रबाई
+१. आणि मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणा आठवतोय का शाळेतला? १९९० मध्ये कळलं की त्या सुरकुतीमागेही असाच, एसी-डीएसच्या नात्यातला आठशे अक्षरांचा तुकडा स्टार्च बनवणाऱ्या जीनमध्ये बसलेला आहे. फक्त तिथे कात्री नाही, म्हणून तो जागचा हलला नाही आणि मेंडेलचे आकडे सरळ आले. वाटाण्यावर ठिपके पडत असते तर त्या गृहस्थाचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

कणीसखाऊ
लेकीचा अहवाल: एका दाण्यावर ४३ ठिपके, एक मोठा, बाकी बारीक. तिचा निष्कर्ष, हा एकजण लवकर उठला आणि बाकीचे झोपाळू. आता ती म्हणते हाच दाणा मे महिन्यात परसात पेरायचा आणि पुढच्या कणसावर किती ठिपके येतात ते मोजायचं. तेवढेच येतील का?

गुणसूत्रबाई
नाही येणार. तिने मोजलेले ठिपके दाण्याच्या वरच्या थरातले आहेत, पुढचं रोप आतल्या गर्भातून येतं आणि गर्भात काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. शिवाय एसी आणि डीएस दोन्ही त्या गर्भात हवेत. शेजारच्या मक्याचे पराग उडून आले तर आणखी गोंधळ. तुरा फुटायच्या आधी आणि कणसाला केस यायच्या आधी पिशव्या बांधा, त्याच रोपाचे पराग त्याच्याच केसांवर झटका, आणि एकच नाही, दहा-बारा दाणे पेरा. एकाच कणसावर काही दाणे सरळ जांभळे निघतील, काही फिके, काही ठिपकेवाले. कोणत्या दाण्यापासून कोणतं कणीस ते लिहून ठेवायला सांगा तिला, मी पहिल्या वर्षी ते लिहिलं नव्हतं आणि अख्खा हंगाम गेला.

निफाडकर
मागच्या आठवड्यात ओलांड्यावरच्या एका काडीला तिन्ही घड गुलाबी दिसलेत, शेजारच्या काड्या हिरव्यागार. लाल फीत बांधून ठेवलीय. एप्रिलच्या छाटणीत ती काडी राखतो, पुढच्या जानेवारीला धागा वर काढेन.